पंचेचाळीस मिनिटं, तेरा शॉक

२०२३च्या ऑगस्टमध्ये नागपूरच्या किम्स-किंग्जवे रुग्णालयात ३८ वर्षांच्या एका रुग्णाचं हृदय बंद पडलं. हृदयरोगतज्ज्ञ डॉ. ऋषी लोहिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तब्बल ४५ मिनिटं सीपीआर दिला, १३ शॉक दिले. इतक्या वेळानंतर बहुतेक वेळा हात थांबतात. इथे थांबले नाहीत, कारण मॉनिटरवरची रेषा थरथरत होती.

या थरथरीला व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन म्हणतात. हृदयाच्या पेशींमध्ये वीज असते, पण प्रत्येक पेशी आपापल्या तालात आकुंचन पावते. त्यामुळे रक्त पुढे जात नाही आणि नाडी लागत नाही. शॉकने हृदय ‘सुरू’ होतं हा सिनेमांनी रुजवलेला गैरसमज. शॉक हा गोंधळ एका क्षणात शांत करतो, म्हणजे हृदयाच्या स्वतःच्या ताल-केंद्राला पुन्हा सूत्रं हाती घेता येतात. म्हणूनच रेषा पूर्ण सपाट असेल तर शॉक देत नाहीत. शांत करायला गोंधळच उरलेला नसतो. तिथे छाती दाबणं, ॲड्रिनलिन आणि कारणाचा शोध एवढंच हाती असतं.

पण उपाशी हृदयावर शॉकही लागू पडत नाही, आणि हृदयाला रक्त पोचवतात ते दाबणारे हात. प्रौढाची छाती ५ ते ६ सेंटिमीटर, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबायची. प्रत्येक दाबानंतर ती पूर्ण वर येऊ द्यायची, कारण हृदयाच्या स्वतःच्या धमन्यांत रक्त शिरतं ते मुख्यतः छाती वर येते तेव्हाच. थकलेला माणूस छातीवर रेलून राहतो आणि नेमका हाच क्षण हरवतो. म्हणून दर दोन मिनिटांनी दाबणारा बदलतात. हात थांबले की धमन्यांतला दाब काही सेकंदांत कोसळतो आणि पुन्हा चढवायला बरेच दाब खर्ची पडतात. नाडी तपासायलाही दहा सेकंदांपेक्षा जास्त वेळ घेत नाहीत, ते यामुळेच. श्वासनळीत नळी असेल तर बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड चुगली करतो. त्याचा आकडा घसरू लागला, की हात ढिले पडलेत.

मग शॉक देऊनही थरथर परत परत का येते? हातांचं काम चालू असतानाच कुणीतरी हे कोडं सोडवत असावं लागतं. हृदयाची धमनी तुंबली आहे का, हा पहिला संशय. मूत्रपिंडाचा रुग्ण डायलिसिस चुकवून आला असेल तर रक्तातलं पोटॅशियम वाढलेलं असू शकतं. तेव्हा कॅल्शियम द्यावं लागतं, नुसत्या शॉकने भागत नाही. अपघातात एका बाजूची छाती हवेने फुगून हृदय दाबलं गेलं असेल, तर आधी सुईने ती हवा काढावी लागते.

त्या ४५ मिनिटांत रुग्णाचं हृदय मधूनमधून काही सेकंद धडधडून पुन्हा थरथरू लागत होतं. पुढे सुमारे ४० दिवस तो अतिदक्षता विभागात होता. ऑक्टोबरमध्ये तो घरी गेला.