उकळते पाणी आणि उतरवून काढलेला प्रकल्प

इंटरनेटवरून मजकूर उतरवून प्रकल्प करू नका, असे परिपाठाच्या वेळी मुलांना अनेकदा सांगितले जाते. ते बहुधा शिस्तीच्या किंवा चोरीच्या भाषेत असते. पुण्यातील एका शाळेच्या मुख्याध्यापिकांनी मात्र हाच विषय वेगळ्या रीतीने मांडला. त्यांनी ‘पाण्याचा उत्कलनबिंदू’ या विषयावरचे दोन प्रकल्प हातात घेतले आणि विचारले, “मुलांनो, यांतल्या एका वहीत पाणी १०० अंशांना उकळते, दुसरीत ९८ ला. चूक कोणाची?”

बहुतेक मुलांनी ९८ चुकीचे ठरवले. खरे तर पुण्यात तेच बरोबर आहे. पाण्याच्या बाष्पाचा दाब बाहेरील हवेच्या दाबाइतका झाला की पाणी उकळते. समुद्रसपाटीला हे १०० अंश सेल्सिअसला घडते. उंचीवर हवेचा दाब कमी असतो, त्यामुळे साधारण दर ३०० मीटरला उत्कलनबिंदू एक अंशाने उतरतो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे, म्हणजे उत्कलनबिंदू जवळजवळ दोन अंशांनी खाली येणार. १०० हा आकडा खोटा नव्हे. पण तो त्या मुलाच्या भांड्यातला नव्हता.

उतरवलेला तक्ता ओळखताही येतो. समजा, दर दोन मिनिटांनी तापमान ३०, ४०, ५०, ६० असे अगदी सारखे वाढत १०० ला थांबले आहे. खऱ्या स्टोव्हवर असे होत नाही. पाणी जसजसे तापते तसतशी त्याची उष्णता हवेत अधिक वेगाने निघून जाते आणि बाष्पीभवनही वाढते. म्हणून खऱ्या नोंदी २८, ४३, ५७, ७०, ८१, ९०, ९६, ९८, ९८ अशा काहीशा असतात. सुरुवातीला उडी मोठी, मग लहान, शेवटी आलेख आडवा. ही वाकडी रेषाच प्रयोगाने शिकवलेली गोष्ट आहे. तयार तक्ता उतरवणाऱ्याला ती दिसतच नाही.

मुख्याध्यापिकांनी पुढे सांगितले, “ज्याने ९८ लिहिले त्याला आधी शंका आली असणार, तापमापक तर बिघडला नाही ना? त्याने तो वितळत्या बर्फात बुडवून पाहिला, शून्य आले. तरी वरच्या टोकाला चूक असू शकते, म्हणून दुसरा तापमापक आणला. फुगा भांड्याच्या तळाला टेकू दिला नाही. एवढे केल्यावर त्याच्यापुढे प्रश्न उरला, दोन अंश गेले कुठे? हा प्रश्न १०० उतरवणाऱ्याला कधीच पडणार नाही.”

यात आणखी एक बाजू आहे, ती स्मरणाची. उतरवताना डोळे आणि हात चालतात. मनाला काही शोधून काढावे लागत नाही. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विज्ञानविषयक छोटे उतारे विद्यार्थ्यांना वाचायला दिले. मग काही उतारे त्यांनी पुन्हा वाचले, तर काही न पाहता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचलेले उतारे थोडे अधिक आठवले. पण आठवड्यानंतर चित्र उलटले: आठवून लिहिलेल्या उताऱ्यांतले सरासरी ५६ टक्के लक्षात राहिले, पुन्हा वाचलेल्यांतले ४२ टक्के. हा प्रयोग नक्कल करण्यावर नव्हता, हे ध्यानात ठेवावे. तरीही मजकूर डोळ्यांसमोर असला की तो आपल्याला आला असे वाटते आणि हे वाटणे फसवे असते, एवढे त्यातून दिसते. नक्कल करणाऱ्याचा मजकूर तर शेवटपर्यंत डोळ्यांसमोरच असतो.

मग इंटरनेट वापरायचेच नाही का? तसे नाही. आपला आकडा ९८ आल्यावर उंची आणि हवेचा दाब यांचा संबंध तिथे जरूर शोधावा, कोठून घेतला ते लिहावे, मग पान मिटून तो स्वतःच्या शब्दांत मांडावा. क्रम महत्त्वाचा आहे: आधी मोजणी, मग शोध.

शिक्षकांनीही विषय देताना थोडा बदल करावा. ‘पाण्याचा उत्कलनबिंदू’ असा विषय दिला की त्याचे उत्तर तयारच मिळते. ‘आपल्या शाळेत पाणी किती अंशांना उकळते आणि का?’ असे विचारले तर भांडे चुलीवर ठेवावेच लागते. वही तपासताना एवढेच विचारावे: तुझा कोणता आकडा अपेक्षेपेक्षा वेगळा आला? ज्याने मोजले आहे, त्याच्यापाशी याचे उत्तर असते.