उकड मळावी तर गरम असतानाच

नातीच्या पारीला कडेने चिरा पडल्या. आजीने गोळा हातात घेऊन दाबला. “उकड गार झाल्यावर मळलीस ना?”

“हात भाजत होता गं आजी!”

“मग वाटीच्या बुडाने रगडायची.”

आजीचं प्रमाण साधं: वाटीभर पाण्याला वाटीभर आंबेमोहोराची पिठी, चिमूट मीठ, चमचाभर लोणी. पाणी उकळलं की पिठी घालून ढवळायची, मंद आचेवर झाकून दोन मिनिटं वाफ द्यायची. खरं काम त्यानंतरचं. पाण्याचा हात लावत गरम उकड इतकी मळायची, की गोळी दाबल्यावर कड फाटू नये.

नातीने पुन्हा मळलं. आता नऊ कळ्या सहज आल्या. हळदीच्या पानावर मोदक दहा-बारा मिनिटं वाफवले. एक तेवढा फुटला. त्यात सारण जास्त झालं होतं.