आधी ‘बक्षीसपत्र करा’, मग ‘घर माझंच राहू दे’

मुलुंडमधल्या कुठल्याही वकिलाकडे आठवड्यातून एकदा तरी येणारा प्रसंग सांगतो. नाव नको, तपशीलही थोडे बदलतो. सत्तरीचे काका मुलाबरोबर आले आणि म्हणाले, “फ्लॅटचं बक्षीसपत्र करायचंय, मुलाच्या नावाने.” मागणी अगदी स्पष्ट. पण मसुदा लिहायचा तर चार प्रश्न विचारावेच लागतात. तुम्ही राहणार कुठे? “इथेच, मरेपर्यंत.” मुलीचं काय? “तिलाही अर्धं द्यायचंय.” आणि उद्या मन बदललं तर? “मग बदलू की कागद, घर माझंच आहे ना!”

इथे तिन्ही उत्तरं पहिल्या मागणीच्या विरुद्ध गेली. बक्षीसपत्र नोंदणी होऊन स्वीकारलं गेलं की मालकी त्याच दिवशी जाते. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ चं कलम १२६ सांगतं, की देणाऱ्याला केवळ वाटलं म्हणून ते परत घेता येत नाही. काकांनी शब्द बक्षीसपत्राचा वापरला, वर्णन मात्र मृत्युपत्राचं केलं.

मग लगेच मृत्युपत्र लिहायला घ्यायचं का? नाही. नवे वकील इथेच चुकतात. उत्तरं खरी धरून मागणी खोडायची नाही, ती आली कुठून हे विचारायचं. मुलाला त्या घरावर कर्ज काढायचं असेल, तर मृत्युपत्र काही कामाचं नाही. इथे काका म्हणाले, “शेजाऱ्यांनी सांगितलं, मुलाला दिलं तर स्टॅम्प अगदी कमी लागतो, आणि मागे भांडण राहत नाही.” म्हणजे बक्षीसपत्र हा त्यांचा हेतू नव्हताच, स्वस्त उपाय म्हणून ऐकलेला शब्द होता. मृत्युपत्राला तर स्टॅम्पच लागत नाही. दोन साक्षीदार लागतात. नोंदणी सक्तीची नाही, पण वादाची भीती असेल तर केलेली बरी.

अजून एक गोष्ट. ही उत्तरं मुलासमोर दिलेली होती. म्हणून मुलाला बाहेर चहाला पाठवलं (हे काम चहा फार छान करतो) आणि काकांना त्यांचंच बोलणं वाचून दाखवलं: “तुम्ही घर आज द्या म्हणालात, आणि मरेपर्यंत माझंच राहू दे असंही म्हणालात. दोन्ही एका कागदात बसत नाही. मुलाशी बिनसलं, तर घर तुमच्या हातात असायला हवं का?” काका थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “हवं.”

उत्तर ‘नको, पण राहायला मिळू दे’ असं आलं असतं, तर बक्षीसपत्रच केलं असतं. त्यात हयातभर राहण्याचा हक्क राखला असता आणि मुलाने सांभाळ करायची अट स्पष्ट लिहिली असती. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली, ती अट मोडली तर न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते.

काकांचं मृत्युपत्र झालं, दोघांना निम्मं निम्मं. पहिली मागणी आणि नंतरची उत्तरं, दोन्ही तारखेसह फाइलमध्ये लिहून त्यांची सही घेतली. कारण पुढच्या महिन्यात मुलगा विचारणार, “बाबा तर बक्षीसपत्र म्हणाले होते ना?”