बदलत्या भांडवलावरील व्याज

बदलत्या भांडवल पद्धतीत भागीदाराची उचल आणि जादा भांडवल एकाच खात्यात नोंदवतात. त्यामुळे वर्षअखेरच्या शिलकेवर व्याज काढणे चूक ठरते. प्रत्येक महिनाअखेरची शिल्लक घेऊन त्यांची बेरीज करावी लागते.

समजा, 1 एप्रिलला भांडवल 2,00,000 रुपये आहे. जुलैत 60,000 रुपयांची भर पडली आणि 31 डिसेंबरला 40,000 रुपये उचलले. मग तीन महिने 2,00,000, पाच महिने 2,60,000 आणि चार महिने 2,20,000 रुपये शिल्लक राहते. बेरीज 27,80,000. दर वार्षिक 6 टक्के, म्हणजे महिन्याला अर्धा टक्का. व्याज 13,900 रुपये.

खोच तारखेत आहे. तीच उचल 1 जानेवारीला केली असती, तर व्याज 200 रुपयांनी वाढले असते. करारात तरतूद असेल तरच हे व्याज मिळते, आणि तेही सहसा नफ्यातूनच.