युनिट किती, भाव किती?

राष्ट्रीय पेन्शन योजनेत, म्हणजे एनपीएसमध्ये, भरलेल्या पैशांचे युनिट होतात. फंडातील रोखे-शेअरची त्या दिवसाची किंमत घ्यायची, खर्च वजा करायचा आणि एकूण युनिटांनी भागायचे; येतो तो एका युनिटचा भाव, एनएव्ही. तो कामकाजाच्या दिवशी जाहीर होतो.

समजा, नाशिकच्या एका दुकानदाराचे ५,००० रुपये ४० रुपये भावाने गुंतले: १२५ युनिट. पुढच्या महिन्यात बाजार पडला, भाव ३२ झाला. तेवढ्याच पैशांत १५६.२५ युनिट आले. एकूण २८१.२५. त्या दिवशी खात्याची किंमत ९,००० रुपये, म्हणजे हजाराचा तोटा. युनिट मात्र एकही कमी झालेले नाही. भाव ३६ वर परतला की १०,१२५ रुपये. अर्थात, तो परतेलच याची हमी नाही.

‘दहा रुपयांचा भाव स्वस्त’ हा समज चुकीचा आहे. भाव दहा असो वा चाळीस, फंड दहा टक्के वाढला तर ५,००० चे ५,५०० च होतात.

विवरणपत्रात युनिट किंचित घटलेले दिसले, तर घाबरू नये. फंड व्यवस्थापकाचे शुल्क एनएव्हीतूनच वजा होते. खात्याच्या नोंदी ठेवणारी संस्था मात्र आपले शुल्क बहुधा युनिट रद्द करून घेते. ती नोंद विवरणपत्रात तपासावी.