अठरा हजारांच्या व्याजावर अठरा हजार सातशे वीस रुपये कर

वर्षाला १२ लाख ७५ हजार पगार असलेल्या माणसाला नव्या करप्रणालीत एक रुपयाही आयकर लागत नाही. त्याच माणसाला बँकेच्या मुदत ठेवीवर वर्षभरात १८ हजार रुपये व्याज मिळालं, तर कर होतो १८ हजार ७२०. व्याज सगळं सरकारजमा, वर ७२० रुपये खिशातून! हे आकडे २०२५-२६ या आर्थिक वर्षाचे आहेत आणि ते जसेच्या तसे कायद्यातूनच निघतात. कसे, ते पाहायचं तर पहिल्यांदा रिटर्न भरणाऱ्याला छळणारे चार शब्द वाटेत भेटतातच.

आधी पगार घेऊ. १२ लाख ७५ हजारांतून ७५ हजारांची प्रमाणित वजावट होते, तिच्यासाठी बिलं, पावत्या काही लागत नाहीत. उरले १२ लाख. वजावट म्हणजे एवढंच: रक्कम तुमच्या उत्पन्नात आधी मोजली आणि मग वजा केली. (महाराष्ट्रात पगारातून दरमहा कापला जाणारा व्यवसाय कर मात्र नव्या प्रणालीत वजा होत नाही. जुन्यात होतो.)

आता १२ लाखांवर कर काढा. पहिल्या ४ लाखांवर शून्य, पुढच्या ४ लाखांवर ५ टक्के म्हणजे २० हजार, त्यापुढच्या ४ लाखांवर १० टक्के म्हणजे ४० हजार. एकूण ६० हजार. बारा लाखांपर्यंत कर नाही असं सगळीकडे ऐकलेलं असताना हे साठ हजार आले कुठून? तर कर लागतोच, आणि लागल्यावर माफ होतो. ही माफी म्हणजे रिबेट. करपात्र उत्पन्न १२ लाखांच्या आत असेल, तर कलम ८७ए खाली ६० हजारांपर्यंतचा कर पुसला जातो. वजावट उत्पन्नातून जाते, रिबेट थेट करातून जातं. म्हणून १५ टक्क्यांच्या टप्प्यात १० हजारांची वजावट दीड हजार वाचवते, तर १० हजारांचं रिबेट पुरते दहा हजार. कर शून्य आला तरी रिटर्न भरावं लागतं तेही यामुळेच, कारण मूळ मर्यादा ४ लाखांचीच आहे.

आता व्याज मिळवा. उत्पन्न १२ लाख १८ हजार. हिशेबाने कर ६२ हजार ७००, आणि बारा लाखांची रेघ ओलांडल्यामुळे रिबेट गेलं. अठरा हजार जास्त मिळाले म्हणून बासष्ट हजारांचा कर बसू नये, यासाठी कायद्यात सीमांत सवलत आहे: बारा लाखांवर जितके रुपये, त्याहून जास्त कर नाही. म्हणजे १८ हजार. त्यावर ४ टक्के उपकर, ७२० रुपये. सुमारे १२ लाख ७० हजार ५८८ पर्यंत हीच गत राहते, वरचा प्रत्येक रुपया उपकरासह एक रुपया चार पैसे घेऊन जातो. हा पट्टा मला सगळ्या आयकर कायद्यातला सर्वांत चमत्कारिक वाटतो.

हेच १८ हजार पीपीएफच्या खात्यावर व्याज म्हणून आले असते तर? ते व्याज करमुक्त आहे. करमुक्त रक्कम उत्पन्नाच्या बेरजेत शिरतच नाही, मग वजा करायचा प्रश्नच कुठला? बेरीज १२ लाखांवरच थांबली असती, रिबेट शाबूत राहिलं असतं आणि कर शून्य.

फॉर्म १६ वर यातलं काही दिसत नाही. मालकाला ठेवीची खबर नसते, आणि वर्षाचं व्याज ५० हजारांच्या आत असल्याने बँकेनेही कर कापलेला नसतो. आयकराच्या पोर्टलवरच्या वार्षिक माहिती विवरणात, म्हणजे एआयएसमध्ये, ते व्याज बहुतेक वेळा हजर असतं. रिटर्न भरण्याआधी ते उघडून पाहावं.

उरला चौथा शब्द, आकारणी. तिची सुरुवात तुम्हीच करता: हिशेब मांडून, बाकी कर भरून, रिटर्न दाखल करून. इथे बाकी दहा हजारांच्या वर असल्याने उशिराचं व्याजही थोडं लागेल. रिटर्नची तीस दिवसांत ई-पडताळणी केली की बंगळुरूचं केंद्र ते तपासतं आणि कलम १४३(१) खाली सूचना पाठवतं. तिच्यात दोन रकाने असतात, एकात तुमचे आकडे, दुसऱ्यात त्यांचे. ते जुळले तर काम संपलं. तुमच्या रकान्यात कर शून्य आणि त्यांच्या रकान्यात १८ हजार ७२० असेल, तर ‘इतर स्रोतांपासूनचं उत्पन्न’ ही ओळ आधी पाहा.