सात किलोंचा हिशेब

पुण्याहून दिल्लीला पहिल्यांदा एकटी निघाले, तेव्हा तिकिटावर चारशे रुपये वाचवल्याच्या आनंदात होते. गेटवर बॅग काट्यावर ठेवायला सांगितली. आकडा आला ९.६. वरच्या तीन किलोंचे, किलोमागे सहाशे, म्हणजे अठराशे रुपये! मागे रांग, पुढे बोर्डिंग सुरू. अशा वेळी कोण भांडणार? गपचूप कार्ड काढलं.

घरी परत आल्यावर मात्र हिशेब मांडून बसले. रिकामी ट्रॉलीच २.९ किलोंची होती! लॅपटॉप आणि चार्जर २.३, दोन जीन्स १.३, बाकीचे कपडे १.२, बूट ०.९ आणि आईने दिलेला लाडवांचा डबा धरून किरकोळ सामान एक किलो. म्हणजे सातातले जवळजवळ तीन किलो चाकं आणि दांड्यानेच खाल्ले होते. तेच सामान साध्या सॅकमध्ये भरलं, सॅकचं वजन ०.९. बूट आणि एक जीन्स अंगावर घातली. काटा सहाच्या आसपास आला, आणि लाडू तसेच राहिले. वजन करायला खास काही लागत नाही. शेजारच्या रद्दीवाल्याचा ताणकाटा चालतो, नाहीतर वजनकाट्यावर आधी बॅग घेऊन उभं राहायचं, मग बॅगेशिवाय, आणि वजाबाकी करायची.

वजनाएवढंच मापाकडेही बघा. इंडिगोची मर्यादा सात किलो आणि ५५ x ३५ x २५ सेंटिमीटर आहे. ही उंची चाकं आणि वरची मूठ धरून असते. दुकानातल्या ‘केबिन साइज’ लेबलवर भरवसा ठेवू नका, काही वेळा त्यात फक्त डब्याचंच माप असतं. टेप घेऊन जमिनीपासून मोजा. दुसरी गंमत म्हणजे बॅग फुगवायची ती जादाची चेन. ती उघडली की २५चे सहज तीस होतात, आणि गेटजवळच्या मापाच्या चौकटीत बॅग जात नाही.

लॅपटॉपचं काय? इथेच सगळे फसतात. इंडिगो लॅपटॉप बॅग किंवा पर्ससारखी एक छोटी वस्तू तीन किलोंपर्यंत वेगळी धरते. पण काही कंपन्यांमध्ये लॅपटॉपसुद्धा सातातच मोजला जातो. त्यामुळे ‘मागच्या वेळी चाललं होतं’ हे कारण दुसऱ्या कंपनीच्या काउंटरवर चालत नाही.

आता त्या चारशे रुपयांबद्दल. सर्वात स्वस्त दिसणारं भाडं कधीकधी फक्त हातातल्या बॅगेचं असतं. नेहमीच्या देशांतर्गत भाड्यात साधारण १५ किलोंची चेक-इन बॅग धरलेली असते, या भाड्यात ती नसते. तिकिटांच्या अ‍ॅपवर दोन्ही एकाखाली एक दिसतात आणि आपण वरच्यावर बोट ठेवतो. पैसे भरण्याआधी ‘Baggage’ची ओळ उघडून ‘Check-in’समोर किती किलो लिहिलंय ते वाचा. सामान जास्त होणार हे माहीत असेल तर तेव्हाच, निदान घरून निघण्याआधी, कंपनीच्या अ‍ॅपवर जादा किलो विकत घ्या. ते विमानतळावरच्या दरापेक्षा स्वस्त पडतात.

विद्यार्थी भाडंही शोधा. काही कंपन्या त्यावर दहा किलो जादा सामान देतात. पण चेक-इन करताना कॉलेजचं चालू वर्षाचं ओळखपत्र जवळ हवं. ते हॉस्टेलच्या ड्रॉवरमध्ये राहिलं की सवलत हातची जाते.

उरलेल्या खर्चाला तर आपणच हो म्हणतो. वेब चेक-इन करताना सीटचा रंगीबेरंगी नकाशा येतो आणि जणू सीट निवडलीच पाहिजे असं वाटतं. तसं नाही. ‘Skip’ कुठे लपलंय ते शोधा, सीट कंपनी देते. फक्त मैत्रिणीशेजारी बसायला मिळेल याची खात्री नाही. विमा, जेवण, लवकर बोर्डिंग यांच्यापुढे आपोआप टिक पडलीय का तेही बघा. आणि काउंटरवरून बोर्डिंग पास घेतल्याचे पैसे मागितले तर देऊ नका. असं शुल्क घेऊ नये, असं नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने २०२२मध्येच कंपन्यांना सांगितलंय.

एवढं करूनही विमानतळावर बॅग जड वाटली, तर गेटपर्यंत जाऊन नशीब आजमावू नका. तिकिटात १५ किलो असतील तर ती बॅग काउंटरवरच चेक-इनला द्या, एक पैसा लागत नाही. काउंटर मात्र साधारण उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतो. आणि बॅग हातातून जाण्याआधी पॉवर बँक बाहेर काढा, ती चेक-इनच्या सामानात चालत नाही. पुढच्या वेळी मी तसंच केलं. लाडवांचा डबा मात्र सॅकमध्येच ठेवला.